आठ मिलिमीटरच्या घरगुती चित्रफितीचा भास: प्रकाशगळती, उतरलेले रंग आणि डुलणारी चौकट

कृष्णाकाठ
नमस्कार. माझ्या आईवडिलांचे लग्न 1974 साली वाईला झाले. इंग्लंडात नोकरीला असलेला माझा मामा तेव्हा रजेवर आला होता आणि येताना आठ मिलिमीटरचा चावीचा कॅमेरा व दोन रिळे घेऊन आला होता. ती दोन्ही रिळे अलीकडेच आम्ही फ्रेम-दर-फ्रेम स्कॅन करून घेतली. लग्नाच्या पन्नाशीनिमित्त सहा-सात मिनिटांची एक फिल्म करायची आहे, आणि तिच्यात जुन्या दृश्यांच्या मधे मधे आजची दृश्ये घालायची आहेत: तोच कृष्णेचा घाट, ढोल्या गणपतीच्या पायऱ्या, घराची ओसरी आणि आईचे पुरण वाटतानाचे हात. आजची दृश्ये मी मोबाइलवर घेतली आहेत आणि ती जुन्यांच्या शेजारी ठेवल्यावर खटकू नयेत, एवढीच इच्छा आहे.

मोबाइलवरच्या एका अॅपमधला तयार 'जुनी फिल्म' परिणाम लावून पाहिला. त्यात नारिंगी झळा येतात, रंग फिके पडतात आणि चित्र हलते. एकटे पाहिले तर छान वाटते, पण मामाच्या चित्रणानंतर लगेच आले की शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या खोट्या दाढीसारखे दिसते. नेमके काय चुकते आहे, हे मला शब्दांत सांगता येत नाही. प्रकाशगळती, रंग आणि हलणे या तिन्हींविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शटर_पन्नास
मी लग्नांच्या चित्रफितींचे संकलन करतो आणि अशी मागणी महिन्यातून एकदा तरी येतेच. माझी पद्धत सोपी आहे. टाइमलाइन 18 फ्रेमची धरावी, रंगांची तीव्रता तीस टक्क्यांनी उतरवावी, वर थोडी पिवळट छटा द्यावी. प्रकाशगळतीच्या तयार क्लिपा मिळतात, त्या `Screen` या मिश्रणाने चित्रावर टाकाव्यात आणि दर चार-पाच सेकंदांनी कुठेतरी एखादी झळ येऊ द्यावी. हलण्यासाठी क्रॉपची जागा साइन लहरीने बदलत ठेवली की काम होते:

```
crop=1440:1080:x='30+5*sin(n/11)':y='22+3*sin(n/7)'
```

यापेक्षा खोलात जाण्याची गरज मला कधी पडली नाही.

रिळवाला
शटर_पन्नास यांची पद्धत एकट्या चित्रफितीला चालून जाईल, पण धागाकर्तीची अडचण वेगळी आहे. त्यांच्या प्रत्येक नव्या दृश्याच्या शेजारी खरे रीळ उभे आहे, त्यामुळे नक्कल 'जुन्या फिल्मची' करून भागणार नाही, ती मामाच्या त्या दोन रिळांची करावी लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे 18 हा आकडा सुपर एटचा आहे. सुपर एट 1965 साली आले आणि त्याची फिल्म प्लॅस्टिकच्या बंद कार्ट्रिजमध्ये असते. मामांचा कॅमेरा चावीचा आणि फिल्म उघड्या स्पूलची असेल, तर ते 1932 पासून चालत आलेले जुने, साधे आठ मिलिमीटर आहे आणि त्याचा नेहमीचा वेग सेकंदाला 16 फ्रेमचा. दोन फ्रेमचा फरक मी केवळ काटेकोरपणासाठी सांगत नाही. या दोन प्रकारांत प्रकाश आत शिरण्याची वाटच वेगळी आहे, आणि तुम्हाला खटकणाऱ्या गोष्टीचे मूळ माझ्या मते तिथेच आहे.

कार्ट्रिज बंद असते, त्यामुळे ती मधेच बाहेर काढली तरी गेटसमोरच्या मोजक्या फ्रेमच खराब होतात. उघड्या स्पूलचे तसे नाही. त्यातली फिल्म मुळात 16 मिलिमीटर रुंद असते. 25 फूट एका बाजूने चित्रित करायचे, कॅमेरा उघडून स्पूल उलटा लावायचा आणि उरलेल्या अर्ध्या रुंदीवर परत 25 फूट चित्रण करायचे. धुतल्यानंतर प्रयोगशाळा ती मधोमध चिरते, दोन्ही पट्ट्या एकमेकींना जोडते आणि 50 फुटांचे एक रीळ परत पाठवते. प्रकाश शिरतो तो स्पूल हाताळताना, आणि तोही सर्वांत बाहेरच्या वेढ्यांत. म्हणजे तयार रिळात गळती सापडते ती सुरुवातीला, बरोबर मध्यावर आणि शेवटाला. अधल्यामधल्या दृश्यांवर ती सहसा येत नाही, आणि आली तर कॅमेऱ्याचे दारच नीट बसत नसणार.

आता दुसरा तपशील. 16 मिलिमीटरच्या पट्टीच्या दोन्ही बाहेरच्या कडांना छिद्रे असतात आणि चिरल्यावर प्रत्येक अर्ध्याच्या वाट्याला छिद्रांची एक कड येते. प्रकाश बाहेरच्या कडेनेच शिरतो, तेव्हा गळतीही छिद्रांच्याच बाजूने येते, म्हणजे पडद्यावर डावीकडून. तयार क्लिपांत झळ कधी उजव्या कोपऱ्यातून येते, कधी वरून, कधी तिरकी. डोळ्याला कारण कळत नाही, पण विसंगती कळते.

तुमचे स्कॅन उघडा आणि तीन गोष्टी पाहून सांगा: गळती रिळात कुठे कुठे आहे, कोणत्या बाजूने येते आणि दोन झळांमध्ये किती फ्रेम जातात.

छत्रीखालचे_बापू
माझे वय आता 78 आहे आणि असा चावीचा कॅमेरा मी स्वतः अकरा वर्षे वापरला आहे, म्हणून दोन शब्द लिहितो. रिळवाला यांचे म्हणणे बरोबर आहे. फिल्म भरताना सावली शोधावी लागे. आम्ही काळी छत्री उघडून तिच्याखाली बसत असू आणि स्पूलवरचे वेढे अंगठ्याने घट्ट दाबून धरत असू, कारण वेढा सैल पडला की कडेतून उजेड आत गेलाच म्हणून समजा. फिल्मच्या दोन्ही टोकांना चार-चार फूट जादा दिलेले असत. भरल्यावर झाकण लावायचे आणि मोजणीचा काटा शून्यावर येईपर्यंत ते चार फूट नुसतेच पळवायचे, असा नियम होता. परंतु फिल्म महाग आणि मिळायची मुश्किलीने, त्यामुळे चार फूट वाया घालवायला मन होत नसे आणि दोन फुटांवरच पुष्कळ जण चित्रण सुरू करत. नवरा-नवरीच्या गृहप्रवेशावर नारिंगी झळा दिसतात, त्या अशा काटकसरीपायी.

आणखी एक गोष्ट. स्पूल उलटवायचा क्षण समारंभाच्या ऐन मध्यावर येई. घरी निवांत भरलेल्या पहिल्या टोकापेक्षा मांडवात घाईने उलटवलेला मधला भाग नेहमी जास्त जळलेला असे.

पितळी_डबा
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्याकडेही वडिलांची सहा रिळे पितळी डब्यात आहेत. डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. त्यावर थोडे तेल लावून प्रोजेक्टरवर चालवून पाहावीत का? मोबाइलवर पडद्याचे चित्रण केले की काम होईल असे भाऊ म्हणतो.

रिळवाला
पितळी_डबा, कृपया तेल लावू नका आणि प्रोजेक्टरवरही चढवू नका. तो वास फिल्मचा अॅसिटेटचा पाया कुजू लागल्याचा आहे. अशी फिल्म आक्रसते, तिच्या छिद्रांतले अंतर कमी होते आणि प्रोजेक्टरचा पंजा तीच छिद्रे फाडतो. बंद डब्यात वास साठून कुजणे वाढते, म्हणून रिळे हवा लागेल अशा थंड, कोरड्या जागी इतर रिळांपासून वेगळी ठेवा आणि दातेरी चाकांशिवाय फिल्म ओढणाऱ्या यंत्रावर स्कॅन करून घ्या. बाकीचे वेगळ्या धाग्यात बोलू.

कृष्णाकाठ
बापूकाका, मांडवातल्या घाईचे तुम्ही लिहिलेत आणि मी लगेच रीळ उघडले. पहिल्या रिळात 4000 च्या आसपास फ्रेम आहेत. गळती सुरुवातीच्या आठ-दहा सेकंदांत आहे, नंतर 2 मिनिटे 5 सेकंदांच्या आगेमागे आहे आणि शेवटी थोडीशी आहे. मधली गळती खरोखरच सर्वांत मोठी आहे. सप्तपदी सुरू असताना डावीकडून पांढरा पट्टा जवळजवळ अर्ध्या चित्रापर्यंत येतो. सगळ्या झळा डावीकडूनच येतात. अंतर मोजले ते 41, 40, 40, 39 फ्रेम असे निघाले. इतक्या नियमाने येत असतील अशी कल्पनाच नव्हती.

रंगांचे कोडे मात्र वाढले. पहिल्या रिळात आईच्या शालूचा लाल अजून लखलखीत आहे, आकाश निळे आहे आणि सावल्या काळ्याकुट्ट आहेत. दुसरे रीळ पूर्ण तांबूस झाले आहे. दोन्ही एकाच डब्यात, एकाच कपाटात होती.

रिळवाला
तुमच्या मोजणीचा अर्थ सोपा आहे. भरलेल्या स्पूलचा व्यास पाच सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे बाहेरच्या वेढ्याचा परीघ सुमारे 15 सेंटिमीटर. या फिल्मवर एक फ्रेम 3.81 मिलिमीटर जागा घेते, तेव्हा एका वेढ्यात 40 फ्रेम बसतात. स्पूल हातात असताना उजेड एका बाजूने पडला, त्या बाजूला प्रत्येक वेढ्याचा जो तुकडा होता तो जळला. फिल्म उलगडल्यावर तोच तुकडा दर 40 फ्रेमनी समोर येतो. 16 च्या वेगाला हे अडीच सेकंद झाले. खोलवरच्या वेढ्यांत कमी प्रकाश पोहोचला म्हणून प्रत्येक पुढची झळ आधीच्यापेक्षा बुटकी आणि मंद असते. मध्यावरच्या जोडापाशी हा क्रम दोन्ही बाजूंनी लागतो: जोडाकडे जाताना झळा वाढत जातात, जोडानंतर ओसरत जातात.

रंगाचेही पाहा. कडेला, जिथे भरपूर प्रकाश पोहोचला, तिथे रिव्हर्सल फिल्मचे तिन्ही थर रिकामे होऊन ती पारदर्शक झाली, म्हणजे पडद्यावर पांढरी दिसते. आत येताना प्रकाश गाळला जातो, निळा भाग आधी शोषला जातो आणि तांबडा सर्वांत खोल जातो. म्हणून झळेचा क्रम कडेला पांढरा, मग पिवळा, मग नारिंगी आणि टोकाला गडद तांबडा असा असतो. अॅपमधली झळ अखंड नारिंगी असते.

नकलेसाठी एक साधा ग्रेडियंट डाव्या कडेला ठेवा. एका झळेला दहा-बारा फ्रेम द्या: चार-पाच फ्रेमांत वाढू द्या, एखादी फ्रेम शिखरावर ठेवा आणि सावकाश ओसरू द्या. पुढची झळ 40 फ्रेमनी, आधीच्या पाऊणपट रुंदीची. आणि हे सगळे करा फक्त तुमच्या नव्या 'रिळाच्या' पहिल्या दृश्यावर. पुरण वाटतानाच्या हातांवर गळती येण्याचे काही कारण नाही.

आता रंग. पहिले रीळ बहुधा कोडाक्रोम असावे. अंधारात ठेवलेले कोडाक्रोम फार थोडे उतरते. खात्री करायची असेल तर फिल्म दिव्याखाली तिरकी धरून इमल्शनची बाजू पाहा. कोडाक्रोमवर चित्राचा हलका उठाव दिसतो. दुसरे रीळ वेगळ्या जातीच्या फिल्मचे आहे आणि तिच्यातले निळसर-हिरवे, म्हणजे सायन, रंगद्रव्य आधी गेले आहे. लाल प्रकाशाला अडवणारे द्रव्यच ते, ते गेल्याने लाल मोकळा सुटला.

इथे बहुतेकांची गफलत होते. रंगांची तीव्रता सरसकट उतरवणे म्हणजे रंग उडणे नव्हे. द्रव्य जिथे जास्त होते तिथूनच जास्त गेले, आणि जास्त होते ते सावल्यांत. पांढऱ्या धोतरावर मुळात द्रव्यच नव्हते, म्हणून ते आजही जवळपास पांढरे आहे. काळी टोपी मात्र विटकरी झाली असेल. तेव्हा लाल चॅनेलच्या वक्राचे फक्त खालचे टोक उचला, साधारण पाचव्या हिश्श्यापर्यंत, मधला भाग थोडा वर घ्या आणि वरचे टोक जागच्या जागी ठेवा. हिरव्याचे खालचे टोक अगदी किंचित उचला. निळ्याचे वरचे टोक थोडे खाली आणले की धोतराला आलेली पिवळसर झाकही मिळेल. डोळ्यांवर विसंबू नका. दुसऱ्या रिळातली एखादी काळी टोपी आणि तुमच्या चित्रातली काळी वस्तू यांचे आकडे शेजारी ठेवून जुळवा.

शटर_पन्नास
सायनचे म्हणणे करून पाहिले आणि मान्य करतो की फरक मोठा आहे. तीव्रता उतरवलेले चित्र आजारी दिसत होते, हे म्हातारे दिसते. एक अडचण आली. मी आधी लाल चॅनेलचा गॅमा बदलून पाहिला, पण निखळ काळे होते ते काळेच राहिले. शून्याला काहीही केले तरी शून्यच. खालचे टोक आधी उचलून मगच गॅमा लावल्यावर सावल्या विटकरी झाल्या.

झळांबद्दल मात्र मी अजून `Screen` च्याच बाजूचा आहे. पाहुण्यांपैकी कोण फ्रेम मोजत बसणार आहे?

रिळवाला
कोणी मोजणार नाही, हे खरे. `Screen` ला माझी हरकत नाही, हरकत आहे ती थराच्या जागेला. गळती ही फिल्मवर पडलेली आहे, म्हणून तिचाही रंग फिल्मबरोबरच उतरतो आणि ती फिल्मबरोबरच हलते. तुम्ही झळ सगळ्यांत वर टाकता, तेव्हा खाली विटकरी झालेले चित्र आणि वर आज सकाळी रंगवल्यासारखी ताजी नारिंगी झळ असे दिसते. झळ खाली घ्या, त्यावर रंगाचा वक्र, त्यावर रवाळपणा, आणि डुलणे सर्वांना मिळून. याच ओघात सांगतो: धुळीच्या तयार क्लिपांतले ठिपके पांढरे असतील तर त्या वापरू नका. पांढरी धूळ निगेटिव्हवरून काढलेल्या प्रतीत दिसते. इथे प्रक्षेपित होते ती कॅमेऱ्यातून निघालेलीच फिल्म, तिच्यावरची धूळ काळी दिसते.

कृष्णाकाठ
टोपीची खूण अचूक निघाली; माझ्या आजोबांची काळी टोपी दुसऱ्या रिळात अगदी कौलाच्या रंगाची झाली आहे. पहिले रीळ तिरके धरल्यावर उठावही दिसला. आजच्या दृश्यांचे मी दोन गट केले आहेत: घाट आणि मंदिर पहिल्या रिळासारखे करीन, कारण तिथे रंग जवळजवळ सोडूनच द्यायचा आहे, आणि ओसरी व स्वयंपाकघर दुसऱ्यासारखे.

डुलण्याचे मात्र जमले नाही. शटर_पन्नास यांची ओळ वापरली तर चित्र होडीत बसल्यासारखे झुलते. शिवाय ते सावकाश सरकण्याऐवजी टप्प्याटप्प्याने उडी मारते. मामाच्या चित्रात तसे काही नाही. तिथे एक बारीक, अस्वस्थ थरथर आहे आणि तिच्याखाली अगदी संथ असे डावी-उजवीकडे सरकणे आहे.

रिळवाला
तुमचे वर्णन इतके नेमके आहे की अर्धे उत्तर त्यातच आहे. उभी आणि आडवी हालचाल यांची कारणे वेगवेगळी असतात. उभ्या दिशेने दर फ्रेमला पंजा छिद्रात शिरून फिल्म खाली ओढतो आणि सोडतो. घरगुती कॅमेऱ्यात फिल्मला जागी पक्की धरणारी वेगळी पिन नसते, त्यामुळे प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमशी संबंध न ठेवता केसभर वर किंवा खाली थांबते. ही थरथर यादृच्छिक असते, लहरीसारखी नव्हे. आडव्या दिशेने फिल्म कडेच्या मार्गदर्शकांमध्ये सरकत असते आणि तिची कड जशी चिरली गेली असेल तशी ती हळूहळू इकडून तिकडे जाते. तिथे लहर चालते, पण एकाच मापाची नको. एकमेकींशी न जुळणाऱ्या दोन लहरी मिसळा.

टप्प्याटप्प्याच्या उडीचे कारण निराळे आहे. नेहमीच्या व्हिडिओत रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदा साठवलेली असते, म्हणून `crop` आपली जागा दोन-दोन पिक्सेलनीच बदलते. चित्र आधी दुप्पट करून, रंगाची माहिती पूर्ण करून, मग कापून परत लहान केले की सरकणे मऊ होते.

आणि सर्वांत मोठी चूक: डुलणे 50 किंवा 25 च्या टाइमलाइनवर लावणे. फिल्मची एक फ्रेम पडद्यावर असते तोवर ती स्थिर असते. चित्र तेच राहून नुसती जागा बदलत असेल, तर ते फिल्ममध्ये घडूच शकत नाही. म्हणून फ्रेम आधी कमी करायच्या, मग डुलवायचे आणि सरतेशेवटी टाइमलाइनच्या वेगाला न्यायचे.

तुमची दृश्ये सेकंदाला 50 फ्रेमने घेतलेली असतील तर हिशेब सुरेख बसतो. दर तिसरी फ्रेम ठेवली की 16⅔ चा वेग मिळतो. पूर्वी आठ मिलिमीटरची फिल्म भिंतीवर टाकून व्हिडिओवर घेताना प्रोजेक्टर याच वेगाला आणत, कारण तीन पात्यांच्या शटरमुळे सेकंदाला बरोबर 50 उघडझापी होतात आणि चित्र लुकलुकत नाही. मामाचे 16 चे स्कॅनही याच वेगाने चालवा. चार टक्क्यांची घाई कोणाला कळत नाही.

```
ffmpeg -i ghat.mov -vf "fps=50/3,crop=1440:1080,
scale=3000:2250,format=yuv444p,
crop=2880:2160:x='60+10*sin(n/11)+6*sin(n/4.3)':y='45+12*(random(1)-0.5)',
scale=1440:1080,fps=50" -an ghat_dulta.mov
```

यातले आकडे दुप्पट चित्रावरचे आहेत. म्हणजे अंतिम चित्रात उभी थरथर जास्तीत जास्त तीन पिक्सेल वर-खाली, आणि आडवे सरकणे आठच्या आत. सौम्य हवे असेल तर 12 चे 8 करा. ओळ रंग आणि झळ झाल्यानंतर लावायची असेल तर झळेच्या फ्रेम मोजताना एक लक्षात ठेवा: 40 हा आकडा फिल्मच्या फ्रेमचा आहे, 50 च्या टाइमलाइनवर त्याच 120 होतात.

उसगावकर
मी न्यू जर्सीत असतो. माझ्या फोनवर 30 आणि 60 चेच पर्याय ठळक दिसतात आणि घेतलेले सगळे चित्रण 60 चे आहे. त्यातून 16⅔ काढले तर काही फ्रेम तीन आणि काही चार अंतरावर येतात आणि चालणारी माणसे लंगडतात. 60 मधून दर चौथी फ्रेम घेऊन 15 केले तर चालेल का?

रिळवाला
चालेल, आणि लंगडण्यापेक्षा ते केव्हाही बरे. फक्त एका दृश्यात दोन वेग मिसळू नका. शटरबद्दलही पाहा. त्या काळच्या घरगुती कॅमेऱ्यात एका फ्रेमला साधारण 1/30 ते 1/40 सेकंद मिळत, म्हणून हलता हात किंचित पुसट दिसे. भर उन्हात फोन 1/2000 वर जातो आणि हाताच्या सुऱ्या होतात. शटर 1/50 किंवा 1/60 वर बांधा आणि लेन्सपुढे गडद फिल्टर धरा. फोनचे स्थिरीकरणही बंद करा. तरंगत जाणारे स्थिर चित्र आणि वर थरथर, हे मिश्रण कधीच जुळत नाही.

शटर_पन्नास
एक शंका. मी पाहिलेल्या बऱ्याच स्कॅनमध्ये चौकटीची काळी कडच चित्राबरोबर हलते. मी कडेसकट सगळे हलवतो ते म्हणूनच. ते चूक कसे?

छत्रीखालचे_बापू
भिंतीवर पाहताना कड कधी हलत नसे. गोलसर कोपऱ्यांची चौकट स्थिर असे आणि चित्र तिच्या आत थरथरे. गेटमध्ये केस अडकला तर तोही कडेला चिकटून एका जागी फडफडत राही आणि मुले ओरडत.

रिळवाला
दोघांचेही बरोबर आहे, कारण दोघे वेगळ्या गोष्टी पाहत आहेत. बापूंची कड प्रोजेक्टरच्या गेटची, शटर_पन्नास यांची कड कॅमेऱ्याच्या गेटची, जी फिल्मवरच उमटलेली असते आणि कडेपलीकडचेही स्कॅन केले की दिसते. कृष्णाकाठ यांच्या स्कॅनमध्ये कड दिसते की कापली आहे, यावर ठरेल. कापली असेल तर मी कड घालणारच नाही. मात्र स्थिर कड आणि हलती कड एकाच फिल्ममध्ये नकोत.

कृष्णाकाठ
कड कापलेली आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटला. काल रात्री घाटाचे दृश्य पूर्ण केले आणि मामाच्या घाटाला जोडून पाहिले. पहिली झळ डावीकडून, मग 120 फ्रेमनी दुसरी, मग तिसरी, आणि पुढे काही नाही. पुढचे 'काही नाही' हेच सर्वांत उपयोगी ठरले असे वाटते.

तरीही जोडावर एक बारीक फरक जाणवत होता, तो फ्रेम-फ्रेमने पाहिल्यावर सापडला. मामाच्या जवळजवळ प्रत्येक दृश्याची पहिली फ्रेम बाकीच्यांपेक्षा उजळ आहे, काही ठिकाणी पहिल्या दोन. माझी दृश्ये मात्र पहिल्याच फ्रेमपासून नेमक्या उजेडात सुरू होतात.

छत्रीखालचे_बापू
कळ दाबल्यावर चावीच्या यंत्राला वेग धरायला क्षणभर लागे. पहिली फ्रेम सावकाश सरके, म्हणून तिला जास्त उजेड मिळे. माझ्या कॅमेऱ्यात चावी संपत आली की दृश्याच्या शेवटीही चित्र थोडे उजळे आणि माणसे भरभर चालू लागत.

कृष्णाकाठ
काका, हे शेवटचे मी पाहिले नव्हते. वरातीच्या दृश्याच्या अखेरीला बँडवाले अचानक पळू लागतात, ते मला मामाचे विनोद वाटत होते. पहिल्या फ्रेमचे आजच करते: प्रत्येक दृश्याची पहिली फ्रेम दीड स्टॉप उजळ आणि दुसरी अर्धा.

एक गोष्ट अजून समजलेली नाही. पहिल्या रिळात मध्यावरच्या जोडानंतर उभी थरथर जवळजवळ दुप्पट झाली आहे, आणि शेवटपर्यंत तशीच आहे. स्कॅन करणारा म्हणतो की त्याच्या यंत्राचा दोष नाही, दुसरे रीळ त्याच दिवशी नीट झाले.

रिळवाला
स्पूल उलटवताना फिल्म गेटच्या दाबपट्टीखाली नीट बसली नसेल किंवा वरचा वेटोळा लहान ठेवला गेला असेल, असे दोन्ही शक्य आहे. नुसत्या आकड्यांवरून यांतले कोणते ते सांगता येत नाही. थरथर वाढली तेव्हा चित्राचा नेमकेपणाही उतरला आहे का, ते पाहा. उतरला असेल तर दाबपट्टीचा संशय बळावतो.

कृष्णाकाठ
सप्तपदीनंतरची दृश्ये जरा मऊ दिसतात खरी, पण तेव्हा संध्याकाळही होत आली होती. उजेडातले एखादे दृश्य त्या अर्ध्यात सापडते का बघून कळवते.